‘बसला असला औदुंबर’ : ‘असला’ म्हणजे ‘असा’ की ‘असावा’?

नीलू_नगर

माझी मामेबहीण कॅनडात हॅलिफॅक्सला असते. तिथल्या रविवारच्या मराठी वर्गात मुलांना शिकवायला म्हणून तिनं बालकवींची ‘औदुंबर’ काढली आणि त्या आठ ओळींवर मला लांबलचक पत्र लिहिलं. पत्र घरात सगळ्यांनी वाचलं. मामा म्हणाले, पत्र छान आहे, पण शेवटच्या ओळीचा अर्थच तिनं चुकीचा घेतलाय, ‘असला’ म्हणजे नुसतं ‘असा’. पंचाईत अशी की तिला कविता आत्ता का भिडली याचं सगळं कारण त्याच एका शब्दावर उभं आहे. उत्तर लिहिण्याआधी खात्री करून घ्यायची आहे. तिला विचारून पत्रातला कवितेपुरता भाग देते.

> प्रिय नीलू,
>
> शाळेत आपल्याला ही कविता निसर्गवर्णन म्हणून शिकवली होती. रंग ओळखा, संदर्भासह स्पष्टीकरण द्या, संपलं. या खेपेला मुलांसाठी फळ्यावर लिहायचे म्हणून मी रंग ओळीनं काढले. हिरवाळी, मग निळासावळा झरा, मग हिरवी गर्दी, पांढरी पायवाट, परत हिरवी कुरणं, मग काळा डोह आणि शेवटी लाटांवरचा काळिमा. हिरवा सोडत सोडत कविता काळ्याकडे जाते. पांढरी आहे ती एकटी पायवाट, आणि ती नेमकी डोहाशी जाऊन संपते.
>
> दुसरी गोष्ट, अख्ख्या कवितेत माणूस नाही. घरं आहेत, मळे आहेत, वाट आहे म्हणजे कुणीतरी रोज चालत असणार. दिसत मात्र कुणी नाही. गावसुद्धा ‘पैल टेकडीकडे’. म्हणजे बोलणारा अलीकडच्या काठावर आहे आणि गाव नदीपलीकडे.
>
> आणि मग ‘पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर’. हा ‘असला’ मी ‘असावा’ असा वाचला. पाणी झाकळलंय, झाड नीट दिसत नाही, पण तिथं पाय सोडून बसलेलं असेल, असं तो म्हणतोय. इथून गावाची आठवण येते ती अगदी अशीच येते गं. वाट पक्की आठवते, घरं पक्की आठवतात, आणि सगळ्यात जवळचं जे असतं त्याच्यापुढे ‘असेल’ लावावं लागतं. शाळेत हे कळण्यासारखंच नव्हतं. तेव्हा झाड खिडकीतून दिसत होतं.
>
> वर्गातल्या एका मुलानं मला अडवलं. ‘बेटाबेटांतुन’ मी त्यांना समुद्रातल्या बेटासारखं समजावलं, तर तो म्हणाला, झऱ्यात बेटं कशी? मला सांगता आलं नाही. तुला सुचलं तर कळव.

मात्रामेळ

मामांचं बरोबर आहे. ‘असला’ हे इथं विशेषण आहे, ‘असा’चंच दुसरं रूप, ‘कसला, तसला’ यांच्या ओळीतलं. ‘असला औदुंबर’ म्हणजे ‘हा असा औदुंबर’.

वृत्तानं याचा थोडा छडा लागतो. कवितेच्या प्रत्येक ओळीत आठ, आठ, आठ आणि तीन अशा सत्तावीस मात्रा आहेत. ‘चार घरांचे’ आठ, ‘गांव चिमुकले’ आठ, ‘पैल टेकडी’ आठ, ‘कडे’ तीन. शेवटची ओळ तशीच तोडून बघा: ‘पाय टाकुनी’, ‘जळांत बसला’, ‘असला औदुं’, ‘बर’. आता ‘असला’च्या जागी ‘असेल’ घाला. ‘असला’च्या चार मात्रा, ‘असेल’च्याही चार. ओळ जराही लंगडत नाही. म्हणजे ‘असेल’ म्हणायचं असतं तर बालकवींना ते बिनतक्रार म्हणता आलं असतं. वृत्ताची जबरदस्ती नसताना त्यांनी ‘असला’ निवडलाय, तेव्हा तो ‘असेल’च्या अर्थानं वाचायला काही जागा उरत नाही.

सांतइनेज

आमच्या कोंकणीत ‘आसलो’ म्हणजे सरळ ‘होता’. ‘तो थंय आसलो’, तो तिथं होता. मी लहानपणापासून ही ओळ ‘बसलेला होता औदुंबर’ अशीच वाचत आलो आणि ती मला कधी अडली नाही. जुन्या मराठीत ‘असणे’चा असा भूतकाळ नसेलच, असं कशावरून?

मात्रामेळ

कोंकणीत आहे, मान्य. पण बालकवी धरणगावचे, खानदेशातले. तिकडच्या अहिराणीत ‘होता’ला ‘व्हता’ म्हणतात. आणि कवितेतल्या बाकीच्या क्रिया बघा: ‘वाहतो’, ‘पडे’, ‘पसरी’. सगळं समोर चाललेलं आहे. ‘लागली’ आणि ‘चालली’ ही रूपं भूतकाळाची दिसतात, पण अर्थ ‘लागलेली आहे’, ‘चाललेली आहे’ असाच. ‘बसला’ त्याच जातीचा, म्हणजे बसलेला आहे. सात ओळी समोरचं दाखवून आठवीत एकदम ‘होता’ आला, तर झाड आता तिथं नाही असा अर्थ निघेल.

सातपुडा

‘असावा’ इतकं सहज निकालात काढू नका. ‘तो गेला असला पाहिजे’, ‘कुणी आला असला तर’, ही आपली रोजची मराठी आहे. भूतकाळी धातू आणि पुढे ‘असला’ ही जोडी अंदाजाचीच असते. ‘बसला असला’ हे दोन शब्द लागोपाठ आले की मराठी कान आधी तीच जोडी ऐकणार. ताईंचा कान त्याच वळणावर गेलाय, आणि ते वळण मराठीच आहे.

मात्रामेळ

वळण मराठी आहे हे खरं. पण तुमच्या दोन्ही उदाहरणांत ‘असला’च्या पुढं काहीतरी आहे, एकदा ‘पाहिजे’, एकदा ‘तर’. ते काढून ‘तो गेला असला.’ असं पूर्णविराम देऊन म्हणून बघा, वाक्य अधांतरी राहतं. कवितेत ‘असला’पुढं ‘औदुंबर’ येतो आणि कविता थांबते. ‘तर’ नाही, ‘की’ नाही, ‘पाहिजे’ नाही.

सातपुडा

गद्यात अधांतरी राहतं. कवितेत अधांतरी राहणं हेच हवं असेल तर?

कृष्णाकाठ

औदुंबरचा विषय निघाला म्हणून लिहिते. आमच्या सांगली जिल्ह्यात भिलवडीजवळ कृष्णेच्या काठी औदुंबर आहे. दत्ताचं स्थान आहे, संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं. ‘ऐल तटावर पैल तटावर’ हे वर्णन तंतोतंत तिथलं आहे. घाटावर उभं राहिलं की पलीकडे गाव, मळे, पायवाट सगळं दिसतं. काळा डोहसुद्धा आहे. ताईंना सांगा, इकडे आल्या की एकदा जाऊन या, शंका राहणार नाही.

मात्रामेळ

कविता त्या गावावर नाही, कृष्णाकाठ. ‘औदुंबर’ इथं झाडच आहे. आणि कृष्णेला कुणी ‘झरा’ म्हणणार नाही.

कृष्णाकाठ

कवितेत ‘तट’ म्हटलंय, ‘लाटा’ म्हटलंय, ‘डोह’ म्हटलंय. झऱ्याला तट आणि लाटा कधीपासून आल्या? मग ‘झरा’ हाच शब्द मृदू करून वापरला असं का नाही म्हणायचं?

शुद्धमराठी

मूळ प्रश्न बाजूला पडतोय, पण एक सांगायलाच हवं. ‘औदुंबर’ हे रूपच अशुद्ध आहे. झाड ‘उदुंबर’. ‘औदुंबर’ म्हणजे उदुंबराचं, उदुंबरापासून केलेलं. प्राकृतातून आलेलं आपलं ‘उंबर’ चालेल, संस्कृत ‘उदुंबर’ही चालेल. मधलं हे रूप कवीनं वापरलं म्हणून शुद्ध होत नाही.

मात्रामेळ

संस्कृतात तुम्ही म्हणता तसंच आहे. मराठीत ‘औदुंबर’ हे झाडाचं नाव म्हणून इतकं मुरलंय की पार बांधलेला, दत्ताचा, पूजेतला तो औदुंबर आणि शेताच्या बांधावरचा उंबर, असा भेद लोक बोलण्यात सहज पाळतात. आमच्याकडे नुसतं ‘उंबर’ म्हटलं की आधी फळच डोळ्यापुढे येतं.

आणि ‘उदुंबर’ घालून मात्रा मोजा. ‘असला उदुं’ सातच भरतात, एक कमी पडते. ओळ तिथंच अडखळेल.

शुद्धमराठी

एका मात्रेसाठी व्याकरण सोडायचं का?

वनवाट

झाडाबद्दल थोडं लिहितो, कारण ‘पाय टाकुनी’ ही नुसती कल्पना नाही, असा उंबर प्रत्यक्ष दिसतो. उंबर ओलीचं झाड आहे, ओढ्याच्या आणि नदीच्या काठानं ते आपोआप उगवतं. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त जमिनीखालचं पाणी ओळखायच्या प्रकरणात जी झाडं सांगितली आहेत त्यांत उदुंबर आहे.

ओढा जिथं वळतो तिथं वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाण्याचा मार बसतो. तिथंच तळ खरवडून डोह होतो आणि तिथलीच काठाची माती पावसाळ्यागणिक खचत जाते. माती गेली की उंबराची जाड मुळं उघडी पडतात. ती काठावरून वाकून थेट पाण्यात उतरलेली दिसतात आणि खोड पाण्याच्या अंगाला झुकतं. जमिनीवर बूड टेकून पाय पाण्यात सोडलेल्या माणसाचा आकार तिथं खरोखर असतो. सपाट, उथळ काठावरच्या उंबराला असे पाय दिसत नाहीत, कारण तिथं माती टिकते. म्हणून कवितेत डोह आधी आलाय आणि झाड नंतर, हा क्रम मला फार खरा वाटतो. डोह नसता तर पाय दिसलेच नसते.

काळिम्याचंही तसंच. डोहाचं पाणी खोल असतं, तळ दिसत नाही, त्यात वरून गर्द सावली. ओढ्याचं पाणी इतरत्र निळं दिसलं तरी नेमकं झाडाखाली काळं दिसतं.

कृष्णाकाठ यांच्या लाटांबद्दल: डोहावर वाऱ्यानं उठतात त्या बारीक लाटा पुरेशा आहेत. तेवढ्यासाठी नदी लागत नाही.

नीलू_नगर

वनवाट, हे ताईला जसंच्या तसं पाठवते. मग झाड दिसत नाही असं तिनं जे म्हटलंय त्याचं काय? मुळं पाण्यात दिसताहेत म्हणजे बघणारा चांगलाच जवळ हवा ना?

वनवाट

फार जवळ असायला नको. ओढा अरुंद असतो, समोरच्या काठावरूनही मुळं दिसतात. उलट झाड ज्या काठावर आहे त्याच काठावर तुम्ही उभे असाल तर मुळं दिसणार नाहीत, ती खाली पाण्याच्या अंगाला असतात. पाय पाहायचे तर पलीकडून पाहावं लागतं.

सातपुडा

हे ताईंच्या बाजूनं आहे. बोलणारा अलीकडे, गाव पलीकडे, वाट गावाच्या बाजूनं उतरून डोहाशी येते, आणि झाडाचे पाय दिसताहेत म्हणून झाडही पलीकडे. ‘असला’चा अर्थ मामांचा घ्या, पण अंतर आहेच. ताईंनी जे पाहिलं त्यातलं निम्मं तरी टिकतं.

मात्रामेळ

अंतराचं मलाही पटतं. वाट ‘तयांतुनि’ निघते, म्हणजे त्याच शेतमळ्यांमधून, आणि मळे गावापुढचे. सगळं एकाच काठाला लागतं आणि बोलणारा दुसऱ्या. झाड कोणत्या काठावर ते कवितेत सांगितलेलं नाही, तेवढं मात्र वनवाट यांच्या मुळांवरून आपण धरतोय.

‘असला’ आज आपल्याला का अडतो तेही सांगतो. हा शब्द आता बहुतेक नाक मुरडायलाच वापरतात: ‘असली माणसं’, ‘असले धंदे’. त्यामुळे झाडाला ‘असला’ म्हटलेलं कानाला खटकतं आणि कान दुसरा अर्थ शोधू लागतो. त्याच्या आधीच्या ओळीतल्या ‘काळिमा’चीही हीच गत झाली आहे. आज काळिमा फासतात किंवा लावतात, ‘गोड काळिमा’ कुणी म्हणत नाही. शेवटच्या दोन ओळींतले दोन शब्द असे बदनामीच्या वाटेला गेले आहेत. तिथं नुसता सावळेपणा आणि नुसतं ‘हा बघा असा’ ऐकू यायला हवं. नव्या मुलांना शिकवताना हे दोन शब्द आधी सांगून टाकावेत.

पेठेतली

‘असला’ नाक मुरडायलाच वापरतात हे पटत नाही. ‘असलं भारी!’ हे आता सगळ्या पोरांच्या तोंडी आहे आणि ते कौतुकच आहे. वर्गातल्या मुलांना तेच उदाहरण द्या, लगेच कळेल. ‘असला भारी औदुंबर’मधला ‘असला’.

शुद्धमराठी

बालकवी शिकवायला ‘असलं भारी’? त्यानं अर्थही बदलतो. त्या ‘असलं’चा अर्थ ‘फार’ असा होतो. ओळीत ‘फार’ नाही.

पेठेतली

‘असलं भारी’मधलं ‘असलं’ आलंय ते ‘इतकं, या प्रकारचं’ यातूनच. बोलताना हाताची खूणही असते. मुलं ती खूण ओळखतात, तेवढ्यापुरतं म्हणतेय.

मात्रामेळ

खुणेचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि नीलूताईंना उत्तरात तोच उपयोगी पडेल. ‘असा’ किंवा ‘असला’ म्हणताना बोलणारा काहीतरी दाखवत असतो, आणि दाखवायला शेजारी कुणी लागतं. एकटा माणूस स्वतःशी ‘झाड बसलंय’ म्हणेल. ‘असलं झाड’ तो दुसऱ्याला म्हणतो. पत्रात लिहिलंय की कवितेत माणूस नाही. शेवटच्या ओळीपर्यंत ते खरं आहे. ‘असला’ आला की दोन माणसं आली, एक बोट दाखवणारा आणि एक बघणारा. ‘असावा’ घेतला तर बोलणारा एकटाच राहतो. ताईंना कविता भिडायचं कारण यानं उलटं होईल, पण कमी होईल असं मला वाटत नाही.

सातपुडा

बोट दाखवणारा स्वतःलाच दाखवत असू शकतो. मी अजून ‘बसला असला’ एकत्रच ऐकतो. मात्रा ‘असेल’ला जागा देतात म्हणून ‘असला’तून अंदाज हद्दपार होत नाही.

केळीचं_बन

पत्रातला मुलाचा प्रश्न तसाच राहिला. ‘बेट’ म्हणजे फक्त पाण्यानं वेढलेली जमीन नाही. बांबूचं बेट, केळीचं बेट, कर्दळीचं बेट म्हणतोच की आपण. एका बुंध्याभोवती फुटून दाट झालेला पुंजका म्हणजे बेट. मोल्सवर्थच्या कोशातही दोन्ही अर्थ आहेत. झरा बेटाबेटांतून वाहतो म्हणजे काठच्या झाडीच्या पुंजक्यांमधून वाट काढत जातो. आधीच्या ओळीत दोन्ही तटांवर हिरवाळी आहेच, तिच्याशी हे बरोबर जुळतं.

सांतइनेज

पाण्यातल्या बेटाला आमच्याकडे ‘जुवें’ म्हणतात, त्यामुळे ‘बेट’ वाचून मलाही आधी झाडीच आठवते.

घोडनदी

शिरूर तालुक्यात घोड आणि कुकडी या नद्यांच्या मधल्या पट्ट्याला ‘बेट भाग’ म्हणतात. तो चारी बाजूंनी वेढलेला नाही आणि बांबूचा पुंजकाही नाही. दोन प्रवाहांमधली जमीन एवढाच अर्थ. पंजाबात सतलजच्या काठच्या सखल पट्ट्यालाही ‘बेट’च म्हणतात. पाऊस ओसरला की ओढ्याच्या पात्रात वाळूचे आणि गवताचे उंचवटे उघडे पडतात, पाणी दोन-तीन धारांनी त्यांच्यामधून जातं, पुढं परत एक होतं. झऱ्यातली बेटं ती. मुलाला तेच सांगा, समुद्राची गरज नाही.

केळीचं_बन

बांबूचा अर्थ ‘वेष्ट’वरून आला असणार, गुंडाळलेला, वेढलेला. बेटालाही पाण्याचा वेढाच असतो. म्हणजे मुळात एकच शब्द.

घोडनदी

जुळवायला छान आहे, पण ‘वेष्ट’पासून ‘वेठ’, ‘वेढा’ असे ठ-ढ येतात. ‘बेट’मधला ट कुठून आणणार?

नीलू_नगर

ताईनं वर्गासाठी केलेला कागद पाठवलाय. त्यात तिनं ‘घेऊन’, ‘बेटाबेटांतून’, ‘आडवीतिडवी’ असं लिहिलंय. जुन्या पुस्तकात ‘गांव’, ‘सांवळा’, ‘जळांत’ आहे ते तिनं ‘गाव’, ‘सावळा’, ‘जळात’ केलंय. मुलांना कोणतं द्यावं?

मात्रामेळ

अनुस्वार काढले ते ठीक. 1962च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. इथले ते सगळे दीर्घ अक्षरांवरच आहेत, त्यामुळे मोजणी बदलत नाही. फक्त ‘औदुंबर’ आणि ‘पांढरी’ यांवरचे उच्चारात आहेत, ते राहू द्या. ‘बेटांतुन’मधला अनेकवचनाचा, तोही राहू द्या.

ऱ्हस्व-दीर्घाला मात्र हात लावू नका. ओळीच्या शेवटचं अक्षर दीर्घ धरतात. ‘घेउन’मध्ये ‘हिरवाळी घे’ आठ आणि ‘उन’ तीन. ‘घेऊन’ केलं की एक मात्रा वाढते, ‘बेटांतून’चंही तेच. ‘अडवीतिडवी’ बरोबर आठ, ‘आडवीतिडवी’ नऊ. मुलं ठेक्यावर म्हणतील तेव्हा नेमकी तिथं अडतील आणि का अडतो ते कुणाला कळणार नाही. वृत्तासाठी कवितेला ही सूट नियमांतही आहे.

शुद्धमराठी

परदेशातली मुलं आधीच कमी मराठी वाचतात. त्यांच्या हाती ‘घेउन’ पडलं तर ती निबंधातही तसंच लिहितील. कागदाखाली टीप द्यावी.

कृष्णाकाठ

टीप देणार असाल तर त्यात औदुंबर गावाचाही उल्लेख करा. मुलं कधी इकडे आली तर बघतील.

सातपुडा

आणि टीपेत ‘असला’चे दोन्ही अर्थ द्या. एकच देऊ नका.

मात्रामेळ

दोन्ही दिलेत तर ‘असेल’ही वृत्तात बसत होतं, हेसुद्धा त्याच टीपेत द्या.